किती वाजता?

डॉक्टरांच्या कागदावर वेळ असते, पण घड्याळातली नसते. ‘सकाळी उपाशीपोटी’, ‘जेवणानंतर’, ‘दिवसातून सहा वेळा’ असं लिहिलेलं असतं, आणि आपणही मान डोलावून घरी येतो. फोनला यातलं काहीच कळत नाही. त्याला तास लागतो, मिनिट लागतं. बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मी आता शेजारणींना फोनवर आठवणीचे गजर लावायला शिकवते. त्यात बटणं दाबण्याचा भाग थोडाच असतो. खरा वेळ जातो तो ‘जेवणानंतर’ म्हणजे नेमकं किती वाजता, हे ठरवण्यात.

मी स्वतः शिकले ती थायरॉइडच्या गोळीमुळे. ही गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुढे तासभर चहासुद्धा घ्यायचा नाही. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून निदान चार तास लांब ठेवायची, कारण कॅल्शियम जवळ आलं तर थायरॉइडची गोळी अंगाला नीट लागत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण सकाळी उठल्यावर हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जातो आणि गोळी आठवते ती पहिला घोट घेतल्यावर.

दिवाळीला पुण्याहून नात आली होती. तिनं फोन माझ्याच हातात ठेवला आणि म्हणाली, “आजी, आधी मला सांग, तू किती वाजता उठतेस?” मी म्हटलं, “पक्षी ओरडायला लागले की.” ती हसली नाही. कागद घेऊन बसली. सहा वाजता गोळी, सात वाजता चहा, दुपारी एक वाजता जेवण झाल्यावर कॅल्शियम, असं आम्ही लिहून काढलं आणि मग तेच फोनमध्ये घातलं. सातच्या गजराचं नाव मीच सांगितलं: ‘आता चहा’. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा गजर तोच होता. सहाचा गजर बंद करून लगेच चहा टाकायची सवय त्याच्यामुळेच गेली.

आमच्या घरांच्या भिंती पातळ आहेत. नातीनं गजराला माझाच आवाज दिला होता, त्यामुळे रोज सकाळी सात वाजता माझा फोन माझ्याच आवाजात “आता चहा, आता चहा” म्हणायचा. शेजारच्या गुजराती बेन एके दिवशी दारात येऊन म्हणाल्या, “काकी, तमारो फोन बोले छे के तमे?” मी फोन दाखवला. “आ मने पण शीखवाडो ने,” म्हणून त्या तिथंच खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरच्या मराठी वहिनी आल्या, त्यांच्या ओळखीच्या एक मासी आल्या. दुपारच्या झोपेनंतर आमच्या ओट्यावर दोघीतिघी जमू लागल्या.

माझ्या आजेसासूबाई दांडिया बाजारातल्या वाड्यात अशाच बायकांना जमवून पोथी वाचून दाखवत, असं घरात सांगतात. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यात मुलीही आल्या. म्हणून त्यांना अक्षर ओळखता येत होतं आणि ज्यांना येत नव्हतं त्या त्यांच्याभोवती बसत. आमच्या ओट्यावरच्या सगळ्यांना वाचता येतं. तरी कुणाचा फोन गुजरातीत, कुणाचा हिंदीत, कुणाचा इंग्रजीत. म्हणून मी शब्द सांगतच नाही, खुणा सांगते. घड्याळाचं चित्र शोधा. खालचं अधिकचं चिन्ह दाबा. तास आणि मिनिट निवडा. AM सकाळचं, PM दुपारनंतरचं.

चुकतं ते बहुतेक दोनच ठिकाणी. पहिली जागा ही AM-PM ची. संध्याकाळी सातचा गजर सकाळी सातला लागतो आणि पहाटेचा गजर संध्याकाळी ओरडतो. हे ओळखायची सोपी खूण आहे. गजर लावला की बहुतेक फोनवर ‘इतक्या तासांनी वाजेल’ अशी एक ओळ क्षणभर दिसते. दुपारी चारला बसून संध्याकाळी सातचा गजर लावला असेल तर तिथं तीन तास दिसले पाहिजेत. पंधरा दिसले तर सकाळचा लागला. ती ओळ लगेच जाते, म्हणून मी सगळ्यांना सांगते की शेवटचं बटण दाबताना डोळे पडद्यावर ठेवा आणि आकडा मोठ्यानं वाचा.

दुसरी जागा वारांची. गजराखाली सात वारांची सात वर्तुळं असतात. ती दाबली नाहीत तर गजर एकदाच वाजतो आणि नंतर आपोआप बंद होतो. आमच्या मासींचा गजर पहिल्या दिवशी छान वाजला, दुसऱ्या दिवशी गप्प. फोन बिघडला असं समजून त्या दुकानात निघाल्या होत्या. सातही वर्तुळं रंगलेली दिसली तरच गजर रोजचा.

शेजारच्या बेनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा हे सगळं कामाला लागलं. डाव्या डोळ्यात घालायच्या दोन बाटल्या मिळाल्या होत्या. एक पांढरट औषधाची, वापरण्याआधी हलवायची. ती पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी. दुसरी पाण्यासारखी, दिवसातून तीनदा, फक्त एक आठवडा. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. ऐन त्याच दिवसांत त्यांना पडद्यावरचं काही धड वाचता येत नव्हतं, म्हणजे गजराला नाव देऊन उपयोग नव्हता.

आम्ही कागद घेतला. सहा वेळा म्हणजे दर तीन तासांनी: सकाळी ७ आणि १०, दुपारी १ आणि ४, संध्याकाळी ७ आणि रात्री १०. रात्री उठवून थेंब घालायची गरज नाही, हे त्यांच्या मुलीनं डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. दुसरी बाटली ७:०५, १:०५ आणि पुन्हा संध्याकाळी ७:०५ ला. मग मुलीनं आपल्या आवाजात दोन वाक्यं फोनवर रेकॉर्ड केली. पहिलं, “बा, धोळी शीशी. हलावीने, डाबी आंखमां एक टीपुं.” दुसरं, “बा, हवे बीजी शीशी.” गजराचा आवाज निवडायच्या जागी आपली फाइल जोडायची सोय असते. तिथं ही दोन वाक्यं घातली. आता कुठली बाटली हे फोनच सांगू लागला आणि बेनना चष्मा शोधावा लागेना.

पुढची अडचण आठवड्यानंतरची. सहाचे पाच करायचे, मग पाचाचे चार. हे लक्षात कुणी ठेवायचं? त्यासाठी मी फोनमधलं कॅलेंडर वापरलं. ऑपरेशनच्या वारी, सकाळी साडेसहाला, दर आठवड्याला एक नोंद: ‘थेंबांचे गजर बदला’. ती आल्यावर बेन फोन आणि कागद घेऊन माझ्याकडे येत. दुसऱ्या आठवड्यात बीजी शीशीचे तिन्ही गजर काढले आणि पांढऱ्या बाटलीचे ७, ११, ३, ७, १० असे बसवले. चौथ्या आठवड्यापर्यंत बेन स्वतःच बदल करून फक्त दाखवायला येऊ लागल्या.

गजर आणि कॅलेंडर यांतला फरक मी असाच समजावते. गजर आपण बंद करेपर्यंत ओरडतो, निदान बराच वेळ. कॅलेंडरची सूचना एकदा टिंग करून वर जाऊन बसते. म्हणून औषध गजरात घालायचं आणि पुढेमागे चालेल ते कॅलेंडरमध्ये. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो कॅलेंडरमध्ये ‘दरवर्षी’ म्हणून एकदा घातला की झालं. संकष्टीचं मात्र तसं जमत नाही. वहिनींनी ‘दर महिन्याला’ म्हणून संकष्टी घातली आणि पुढच्याच महिन्यात ती भलत्याच दिवशी आली. फोनचा महिना इंग्रजी तारखेवर चालतो, चतुर्थी तिथीवर. त्यांना पंचांग समोर ठेवून वर्षभराच्या संकष्टी एकेक करून घालाव्या लागल्या.

तरी सगळ्यात मोठी अडचण फोनमध्ये नसते. गजर वाजतो, आपण स्वयंपाकघरात असतो, हात पुसत येतो, बंद करतो, पुन्हा कढईकडे जातो. गजर बंद झाला, गोळी राहिली. संध्याकाळी आठवतं ते एवढंच, की गजर वाजला होता. म्हणून ओट्यावर एक नियम आहे. गोळी तोंडात जाईपर्यंत गजर बंद करायचा नाही. हात गुंतला असेल तर पुढे ढकलायचं बटण दाबायचं. थोड्या मिनिटांनी तो पुन्हा वाजतो. आणि सात कप्प्यांची डबी ठेवायची, म्हणजे गोळी घेतली की नाही ते कप्पा उघडून कळतं. फोन आठवण करतो, हिशेब ठेवत नाही. गोळी घेतली की नाही अशी शंका आली, तर ‘असू दे’ म्हणून दुसरी घ्यायची नाही, आधी डबी बघायची.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. आमच्याकडे पाणी आलं आणि वीज गेली. एकेक करत सगळ्यांचे फोन विझले. बंद पडलेला फोन गजर देत नाही. त्या दिवसांत उपयोगी पडला तो फ्रिजवर चिकटवलेला कागद आणि भिंतीवरचं सेलवर चालणारं घड्याळ. ज्यांनी कागद जपून ठेवला होता, त्यांच्या वेळा चुकल्या नाहीत. मासींनी तो गजर लावल्यावर फेकून दिला होता. त्या वहिनींच्या मदतीनं गोळ्यांच्या पाकिटांवरून वेळा पुन्हा जुळवत बसल्या. तेव्हापासून कागद लिहिल्याशिवाय मी कुणाच्या फोनला हात लावू देत नाही.

परवा मासी रक्तदाब दाखवायला गेल्या होत्या. गोळी बदलली होती. कागदावर नेहमीसारखं ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळणार, तोच मासींनी विचारलं, “एटले केटला वागे?” डॉक्टरांनी वर बघितलं, त्या किती वाजता जेवतात ते विचारलं, आणि शेजारी आकडे लिहून दिले: ८ आणि ८. मासींनी तिथल्या बाकावर बसूनच दोन्ही गजर लावले. संध्याकाळी ओट्यावर येऊन त्यांनी मला फोन दाखवला. AM, PM, सातही वर्तुळं, सगळं जागच्या जागी होतं.