सूनबाईच्या परीक्षेचा आठवडा

आमची धाकटी सून नाशिकला नर्सिंगला आहे. जी.एन.एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं हे पहिलं वर्ष. लग्नाला सहा वर्षं झाली, पदरी चार वर्षांचा मुलगा. कांद्याचे पैसे आले तसे तिची फी भरली. त्या वेळी चुलत घरातून बोलणं आलंच, "संसार सोडून आता कसली शिकायला निघालीय!" तेव्हा परीक्षा तिची एकटीची नव्हती. नापास झाली असती तर पुढच्या वर्षीची फी कुणाकडे आणि कोणत्या तोंडानं मागायची, हा प्रश्न होता.

पेपरच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी ती यष्टीनं कळवणला आली. दोन पिशव्या भरून पुस्तकं. डोळ्यांखाली काळं. मुलगा गळ्यात पडला, तर त्याला जवळ घेताना हिचे हात थरथरत होते. जेवण दोन घास. मला म्हणाली, "आई, सगळं वाचलंय, पण काहीच आठवत नाही."

मी स्वतः नर्स होते. तालुक्याच्या दवाखान्यांतून नोकरी करून निवृत्त झाले. त्यामुळे हे वाक्य मला ओळखीचं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या शरीररचनेच्या पेपराला मी रात्रभर जागले होते. पहाटेपर्यंत पाच कप चहा. प्रश्नपत्रिका हातात आली आणि मूत्रपिंडाचं चित्र काढायला पेन उचललं, तर डोक्यात नुसतं पांढरं. आदल्या रात्री तीनदा वाचलेलं पान! मी त्या विषयात गेले आणि पुन्हा बसले. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की चूक अभ्यासात नव्हती, जागरणात होती.

म्हणून पहिल्या रात्री मी पुस्तकांची पिशवी कपाटात ठेवली आणि म्हटलं, "आज झोप."

दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. रात्र तोडली की वाचलेलं कच्चंच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी शोधायला गेलं की सापडत नाही. आठवडाभर आम्ही एकच नियम पाळला. उठण्याची वेळ ठरलेली, पहाटे साडेपाच. रात्र कशीही गेलेली असो, उठायचं तेव्हाच आणि दहा मिनिटं अंगणात उजेडात बसायचं. झोपायला साडेदहा. चहा दुपारी तीननंतर बंद. यावर ती रुसली, पण चहातलं जागवणारं द्रव्य अंगातून निम्मं उतरायलाच पाचएक तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो.

पहिल्या दोन रात्री तिला झोप लागेना. अंथरुणात तळमळत पडायची नि घड्याळ बघायची. मी घड्याळ उचलून बाहेर ठेवलं, आणि सांगितलं की वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं तर सरळ उठून ओट्यापाशी बस. मंद दिवा, हातात लसूण सोलायला. पेंग आली की परत अंथरुणात. अंथरुणात पडून काळजी करायची सवय लागली की अंथरूण दिसताच काळजी जागी होते. बुधवारी रात्री पहिल्यांदा तिला सलग झोप लागली.

आता श्वासाचं. सोमवारी दुपारी ती पुस्तक घेऊन बसली आणि थोड्या वेळानं मला हाक मारली. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं. घाबरून रडायला लागली. मी विचारलं, "काय करत होतीस?" म्हणाली, "मैत्रिणीनं सांगितलंय, भीती वाटली की मोठे मोठे श्वास घे. तेच घेत होते."

चूक तिथंच होती. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि त्यानंच मुंग्या येतात, घेरी येते. बाईला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून ती आणखी मोठा श्वास घेते, आणि त्रास वाढतो. उपाय उलटा. श्वास लहान नि सावकाश घ्यायचा, आणि सोडणं घेण्यापेक्षा लांबवायचं.

तिला भिंतीला टेकून बसवलं. एक हात पोटावर. तोंड बंद, नाकानं चार आकडे मोजत श्वास घ्यायचा. पोटावरचा हात पुढं आला पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. मग सहा आकडे मोजत हळूहळू सोडायचा. मध्ये रोखून धरायचं नाही. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. पाच मिनिटांत मुंग्या गेल्या. ज्यांना सहा आकडे जड जातात त्यांनी तीन घेऊन चार सोडावेत. ओढाताण झाली की गुण येत नाही.

मात्र ही युक्ती परीक्षेच्या दालनात पहिल्यांदा करून चालत नाही. रोज सकाळी आणि झोपताना पाच पाच मिनिटं, शांत असताना सराव केला तरच घाबरल्यावर शरीर ऐकतं. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा असे झटके पुन्हा पुन्हा येऊन खाणंपिणं सुटलं असेल, तर घरी मोजत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

राहिला अभ्यास. तिनं पाच दिवसांचं वेळापत्रक केलं होतं, रोज चौदा तास, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मी म्हटलं, "बाई, हे तू सोमवारी दुपारीच मोडशील नि मंगळवारपासून रडशील." घरात चार वर्षांचं मूल असताना खरे किती तास हाताशी येतात ते मोजलं, तर सहा निघाले. पहाटे दोन, तो बालवाडीत असताना तीन, संध्याकाळी एक. मग सहाच तासांचं वेळापत्रक.

पहिला पेपर जीवविज्ञानाचा. त्यात शरीररचना-शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र दोन्ही एकत्र. शिकवण्याचे तास पाहिले तर शरीराच्या भागाला नव्वद आणि जंतूंच्या भागाला तीस. म्हणून आमच्या वेळातही तीन वाटे एकाला, एक वाटा दुसऱ्याला. मग सगळ्या धड्यांची नावं जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागं तीन रांगांत लिहिली: येतं, अर्धवट येतं, येत नाही. सगळा जोर मधल्या रांगेवर. येणाऱ्यावर नुसती नजर. न येणाऱ्यातले दोनच धडे घ्यायचे, बाकी सोडायचे. सोडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण शेवटच्या आठवड्यात सगळं धरायला गेलं की अर्धवट येणारंही निसटतं.

आणि वाचायचं नाही, आठवायचं. पुस्तक मिटून कागदावर लिहायचं, मग उघडून लाल पेनानं दुरुस्त करायचं. हृदयातल्या रक्ताभिसरणाचंच सांगते. हा धडा तिनं "येतं" मध्ये टाकला होता, पाच वेळा वाचून झालेला. मी म्हटलं, "पुस्तक मीट आणि वाट काढून दाखव." तिनं काढली. अशुद्ध रक्त महाशिरांतून उजव्या अलिंदात, तिथून त्रिदली झडपेतून उजव्या निलयात. इथवर बरोबर. मग फुप्फुसाकडं जाणाऱ्या रोहिणीला तिनं लाल रंग दिला नि लिहिलं, "शुद्ध रक्त." रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त हे पाठ झालेलं ना! पण ही रोहिणी अशुद्ध रक्त फुप्फुसाकडं नेते, आणि शुद्ध रक्त डाव्या अलिंदात परत आणतात त्या शिरा. पाच वाचनांत ही चूक दिसली नाही, कारण पान समोर असलं की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. तीच आकृती तिनं मंगळवारी काढली, मग गुरुवारी, मग शनिवारी निघण्याआधी. शनिवारी चार मिनिटांत बिनचूक.

वेळेचं गणितही केलं. लेखी पेपर पंचाहत्तर गुणांचा, वेळ तीन तास. एका गुणाला दोन मिनिटं धरली तर दीडशे मिनिटं होतात, आणि तीस मिनिटं प्रश्न वाचायला नि शेवटी तपासायला उरतात. पाच गुणांच्या टिपेला दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. शुक्रवारी स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून तिनं चार टिपा लिहिल्या. पहिलीला वीस मिनिटं गेली, चौथीला अकरा.

शनिवारी दुपारी ती यष्टीत बसली. खिडकीतून मी एवढंच बजावलं, "रविवारी नवं काही उघडायचं नाही. वसतिगृहातल्या मुली 'हे नक्की येणार' म्हणून सांगत येतील, त्यांच्यात बसू नकोस. आणि रविवारी रात्री झोप कमी लागली तरी घाबरू नकोस. आठवडाभराची झोप तुझ्या गाठीला आहे, एका रात्रीनं ती जात नाही."

सोमवारी दुपारी फोन आला. दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा होता. पाहताक्षणी डोकं पांढरं झालं, म्हणाली. माझ्या पोटात गोळाच आला. पण तिनं पेन खाली ठेवलं, चार घेऊन सहा सोडले, असे पाच श्वास मोजले, आणि तो प्रश्न तिथंच सोडून हृदयाच्या प्रश्नाकडं गेली. हात चालू झाल्यावर पाऊण तासानं मूत्रपिंडाकडं परत आली, तर चित्र आपोआप आठवलं. "पूर्ण नाही आलं आई," म्हणाली, "पण नावं सगळी दिली."

निकाल अजून लागायचा आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळे निम्मे गुण लागतात, तेव्हा मी कुणापाशी आधी बढाई मारत नाही. दिनदर्शिकेचं ते पान मात्र मी टाकलं नाही. लाल दुरुस्त्यांसकट कपाटात जपून ठेवलं आहे. पुढच्या वर्षीही लागेल.