पदराची उलटी बाजू

शिंप्याकडे कापड आले की तो आधी उलटी बाजू बघतो. गिऱ्हाइकाला वाटते आपण रंग पाहतोय. फॉल लावायचा तो आतून, टाका घालायचा तोही आतून, त्यामुळे साडीची जी बाजू जगाला दिसत नाही तिच्याशीच आमचा संबंध येतो. अब्बांनी तरुणपणी काही वर्षे येवल्यात साड्यांना फॉल-बीडिंग करण्याचे काम केले. तिथे त्यांच्या हाताखालून ज्या साड्या गेल्या, त्यांनीच त्यांना शिकवले. आम्ही दोघे भाऊ त्यांच्याकडून शिकलो.

एक आपा दुकानात आल्या, तेव्हा मुलीच्या निकाहला बारा दिवस उरले होते. पिशवीत नानीची हिरवी साडी होती. घरात सगळे तिला बनारसी म्हणत. घडीवर चिरलेली, निऱ्यांच्या जागी झिजलेली. जुनी जर विकत घेणारा फेरीवाला वजनावर पैसे द्यायला तयार होता. असे लोक साडी जाळून तिच्यातली चांदी काढतात. आपांनी मनाशी ठरवले होते, पदर कापून मुलीची चोळी शिवायची आणि उरलेले त्याला देऊन टाकायचे. त्या पैशांत घराऱ्याचे कापड आले असते.

अब्बांनी चष्मा लावला, पदर उलटा केला, परत सुलटा केला, आणि म्हणाले, “बेटी, यातली सुलटी बाजू कोणती, तूच सांग.”

आपांना सांगता येईना. खरे तर कुणालाच आले नसते. वेल, पोपट, कमळ दोन्हीकडे अगदी सारखेच होते. मागे एकही लोंबता धागा नव्हता.

“बनारसी नाही ही. पैठणी आहे,” अब्बा म्हणाले.

त्यांनी दाखवले ते असे. बऱ्याच साड्यांत नक्षीचा धागा एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागून जातो. तो तसाच लोंबतो किंवा कापून टाकतात, आणि हात फिरवला की मागची बाजू खरखरीत लागते. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाला आपली वेगळी छोटी रीळ असते. विणकर ताण्याचे धागे मोजतो, रंग संपतो तिथे शेजारच्या रंगात धागा अडकवतो आणि मागे वळवतो. म्हणून मागे काही उरतच नाही. काठ आणि अंग यांचा सांधाही तसाच, दोन बोटे एकमेकांत अडकवावीत तसा. आणि मोजून विणल्यामुळे वेलीचे वळण जवळून पाहिले तर गोल नसते, पायऱ्यापायऱ्यांचे असते. अब्बांनी दोन पोपट शेजारी धरले. एकाची चोच किंचित लांब होती.

यावरून साडी हाताची आहे एवढे कळते. जरीचे उत्तर वेगळे शोधावे लागते. कडेला सुटलेला जरीचा एक धागा अब्बांनी नखाने उकलला. आत रेशीम निघाले, आणि वरची चपटी तार घासल्यावर पांढरी पडली. तांब्याची असती तर तांबूस दिसली असती. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या जरीला काडी लावली की काळा कडक गोळा होतो.

आपा बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “चाचा, पण निकाहचे काय? आणि घराऱ्याचे कापड?”

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. जुन्या वस्तूचे मोल सांगणे सोपे असते. समोरच्या घरात बारा दिवसांनी मांडव पडणार असतो.

चोळीसाठी पदर कापायला अब्बांनी नकार दिला. चोळीला मुंढा हवा, गळा हवा, म्हणजे पोपटांमधून तिरकी कात्री. तिथले धागे तोकडे आणि सुटे असतात, शिवणीवर ताण आला की ते निसटतात. त्यांनी टेप लावली. साडी साडेपाच मीटर. झीज होती ती निऱ्यांच्या बाजूच्या अर्ध्यात, कारण तीच बाजू खोचली जाते आणि पायाशी घासते. पदराकडचे अडीच मीटर धड होते. एवढ्यात दुपट्टा होतो.

मग तेवढ्या मापावर त्यांनी आडवा एक धागा ओढून काढला. ओढलेल्या जागी बारीक सरळ रेघ दिसते. कात्री त्या रेघेवरून गेली तर कापड तिरके होत नाही. आम्ही दोन्ही टोके धरली. कात्री एकदाच चालली, तीही साध्या अंगावर. नक्षीला धक्का नाही. कडेला हाताने बारीक दुमड घातली आणि चिरलेल्या घडीखाली मऊ रेशमाची पट्टी टाचली. झिजलेल्या अर्ध्याचे काठ काढून घराऱ्याच्या घेराला लावले. घराऱ्यासाठी साधा सॅटिन घेतला, तो स्वस्तात बसला.

झिजलेले अंग तेवढे उरले. आपांनी ते फेरीवाल्याला दिले नाही. तशीही त्यात जर नव्हतीच. ती सगळी पदरात आणि काठांत होती. दुपट्टा न्यायला आल्या तेव्हा अब्बांनी तो धुतलेल्या मलमलीत गुंडाळून दिला आणि बजावले, “हँगरला टांगू नकोस, डांबरगोळी जरीला लागू देऊ नकोस, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल. ही चिरली ती जुन्याच घडीवर.”

आपांनी दुपट्टा उघडला, उलटा केला, आणि सोबत आलेल्या मुलीला विचारले, “यातली सुलटी बाजू कोणती, सांग बघू?”