पुसले जाणारे तारे

रविवारी जुन्या नाशकात बहिणीकडे गेलो होतो. भाचा ‘जीटीए फाइव्ह’ खेळत बसला होता. मी म्हटलं, "पोलिसांशी मारामारी, हेच ना?" तो म्हणाला, "मामू, मारामारीपेक्षा सुटणं अवघड आहे. बघा." मी बाजूला बसलो.

त्याची गाडी पोलिसांच्या गाडीला धडकली आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक तारा लागला. हा तारा म्हणजे पोलिसांच्या रागाचं माप. एका ताऱ्यावर ते पकडायला येतात. पण भाचा थांबला नाही, पळताना त्याने गोळीबार केला. तारे तीन झाले आणि डोक्यावर हेलिकॉप्टर आलं. सर्वांत वरचा आकडा पाच.

आता खरी गंमत. छोट्या नकाशात प्रत्येक पोलिसापुढे निळा त्रिकोण दिसत होता. ती त्याची नजर. भाचा सगळ्या नजरांतून निसटला तेव्हा तारे लुकलुकू लागले. याचा अर्थ पोलिसांना तो आता दिसत नाही, पण शेवटी जिथे दिसला त्या जागेभोवती ते शोधतायत. तेवढ्यात घाईत तो मोठ्या रस्त्यावर आला, एका शिपायाच्या नजरेत सापडला आणि तारे पुन्हा स्थिर झाले. लपण्याची वेळ पहिल्यापासून सुरू. तारे जितके जास्त, तितकी ही वेळ लांब. दुसऱ्या खेपेला त्याने कुणी पाहत नसताना गाडी बदलली, बोगद्यात शिरला आणि गप्प थांबला. वरून हेलिकॉप्टरला बोगद्यातलं दिसत नाही. थोड्या वेळाने तिन्ही तारे एकदम पुसले गेले.

"पुढच्या वेळी तीनपासून सुरू होणार?" मी विचारलं.

"नाही मामू, पुन्हा एकपासून. जुनं कुणी लक्षात ठेवत नाही."

माणसं मारून बोगद्यात बसलं की हिशोब संपतो, हे मास्तर म्हणून मला पटलं नाही. पण घरी येताना वेगळीच गोष्ट आठवत राहिली. गेल्या वर्षी वर्गात एकाची कंपासपेटी हरवली. एका मुलावर मला संशय आला आणि तो मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवला. दोन दिवसांनी पेटी बाकाखालीच सापडली. पण त्यानंतर वर्गात काहीही हरवलं की आधी त्याचंच दप्तर उघडलं जातं. तो काही न करता नजरेत आहे. त्याचा तारा लुकलुकतसुद्धा नाही.

तो तारा मी लावला होता. पेटी सापडल्याचं मात्र मी स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलंच नव्हतं. सोमवारी मधल्या सुट्टीत सांगितलं. उशिरा, पण सगळ्यांसमोर, त्याचं नाव घेऊन.