ओट्यावरचा तेलाचा डाग

आमच्या घरी स्वयंपाकाचा ओटा फिकट करड्या ग्रॅनाइटचा. तेलाची बरणी ठेवतो त्या जागी वाटीच्या बुडाएवढा काळपट गोल उमटला होता. तो पाण्याचा असता, तर ओटा वाळल्यावर रात्रीतून गेला असता. सकाळीही तो तसाच दिसला, तेव्हा तेल दगडात मुरले आहे हे आम्ही ओळखले. असे मुरलेले तेल घासणीने निघत नाही. ते ओढूनच काढावे लागते. गळवाला पोटीस लावतात ना, तसेच.

आधी आम्ही कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने वरचा चिकटपणा काढला व जागा कोरडी केली. मग खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून घट्ट पिठल्यासारखा लगदा केला. डागाच्या बाहेर दोन बोटे जाईल असा करंगळीएवढा जाड थर दिला, वर प्लॅस्टिकची पिशवी पसरून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. एक दिवसाने पिशवी काढली, पण लगदा तसाच ठेवून पूर्ण वाळू दिला. हा वाळण्याचा वेळ फार महत्त्वाचा, कारण लगदा वाळताना तेल वर ओढून घेतो. नंतर लाकडी उलथन्याने तो खरवडला. पहिल्या वेळी डाग फिका झाला, तिसऱ्या वेळी गेला. पोटीस काढल्यावर दगड ओलसर असल्याने काळाच दिसतो, म्हणून एक दिवस थांबूनच निकाल ठरवावा.

मग प्रश्न आला सीलर लावण्याचा. त्याची परीक्षा सोपी आहे. कोरड्या ओट्यावर पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि पंधरा मिनिटांनी पुसावेत. खाली काळपट ठिपका उरला, तर दगड पितो आहे; त्याला सीलरचा उपयोग होतो. आमच्या ओट्यावर ठिपके उरले, म्हणून आम्ही लावला. मात्र डाग पूर्ण निघाल्यावरच, नाहीतर तेल आतच अडकते. डब्यावर सांगितलेला वेळ झाला की उरलेला सीलर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर धुरकट चिकट थर बसतो. सीलरने तेल मुरायला उशीर लागतो, एवढेच; सांडलेले पुसावे लागतेच. थेंबाखाली पुन्हा ठिपका दिसू लागला की पुन्हा लावावा.

शेजारच्या वहिनींचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. त्यांच्याकडे ठिपकाच उरला नाही. असा घट्ट दगड सीलर पीतच नाही, मग पैसे कशाला घालवायचे?

कडप्प्याची गोष्ट वेगळी. तो चुन्याच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की त्यावर पांढुरके चट्टे पडतात. ते डाग नव्हेत. तिथे दगडच खाल्लेला असतो. म्हणून ते पोटीसाने जात नाहीत आणि सीलरने टळतही नाहीत. कडप्प्यावरचे तेल काढायलाही लिंबू किंवा अ‍ॅसिड वापरू नये, सोड्याचे पोटीसच लावावे.