पंधरा किलोचा हिशोब



माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, वय ६४. डाव्या गुडघ्याच्या अगदी खाली, नडगीच्या हाडाचा जो सपाट माथा असतो, तिथे त्यांचं हाड मोडलं आणि प्लेट घालावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. मग एक्स-रे बघून पुढचं.

अक्कांना पायापेक्षा जिन्याची चिंता जास्त. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, चौदा पायऱ्या. देवदर्शन झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नियम. नियम घेतानाच आजारपणाची सवलत ठेवली होती, त्यामुळे त्या दिवसांत गॅलरीतून शिखराचं दर्शन आणि णमोकार मंत्र यावर भागलं. पण दशलक्षण पर्वात मंदिरात जायचंच, हे त्यांनी ठरवलं होतं. म्हणून फिजिओथेरपिस्टबाईंनी शिकवलेलं सगळं मी नीट लिहून घेतलं. तेच इथे देते आहे.

सुरुवात कुबड्यांच्या मापापासून. सरळ उभं राहिल्यावर काख आणि कुबडीची वरची गादी यांच्यात दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. हात सैल सोडला की मुठीचा दांडा मनगटाच्या रेघेपाशी यावा, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. शरीराचा भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर लोंबकळायचं नाही. काखेतून हाताच्या नसा जातात. तिथे सतत दाब पडला तर हाताला मुंग्या येतात, मनगट वर उचलायला जड जातं. असं वाटलं तर माप चुकलं आहे किंवा भार काखेवर पडतो आहे, असं समजून लगेच दाखवायचं.

सहा आठवड्यांनी एक्स-रे चांगला आला आणि डॉक्टर म्हणाले, "आता पंधरा किलोपर्यंत भार चालेल." अक्का मला विचारतात, "पंधरा किलो म्हणजे पायाला कसं कळायचं?" प्रश्न अगदी रास्त होता. प्लेट आणि स्क्रू हाडाचे तुकडे जागेवर धरून ठेवतात, पण भार पेलायचं काम शेवटी जुळलेल्या हाडालाच करायचं असतं. त्याआधी जास्त वजन पडलं तर सांध्याचा तो सपाट माथा खचू शकतो, आणि त्या क्षणी दुखेलच असं नाही. म्हणून दुखण्यावर विसंबून चालत नाही, मोजावं लागतं.

मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. काट्याशेजारी तेवढ्याच उंचीचं काहीतरी ठेवायचं. फिजिओबाई जाड पुस्तक म्हणाल्या, पण आपण पुस्तकावर पाय ठेवत नाही, म्हणून आम्ही लाकडी फळी घेतली. चांगला पाय फळीवर, दुखरा काट्यावर, दोन्ही हात कुबड्यांवर आणि मी शेजारी उभी. दुखरा पाय हळूहळू दाबायचा आणि आकडा पंधरावर आला की थांबायचं. असं दहा वेळा. मग अक्कांनी नजर समोर ठेवून दाबायचं आणि आकडा मी वाचायचा. पहिल्या दिवशी पंधरा समजून त्यांनी दाबलं ते निघालं सव्वीस! रोज सकाळी चालण्याआधी हे केलं, तेव्हा पाच-सहा दिवसांत पायाला अंदाज आला.

बी.कॉम.च्या सवयीने मी त्यांना खातं मांडून दाखवलं. अक्कांचं वजन साठ किलो. चांगला पाय उचलला त्या क्षणी पंधरा दुखऱ्या पायाच्या खाती, उरलेले पंचेचाळीस हातांच्या खाती. हात जेवढे कमी देतील तेवढं पायाच्या नावे चढणार. म्हणून पावलं लहान ठेवायची आणि हात दमले की बसायचं. ज्यांच्या हातात एवढा जोर नाही त्यांना डॉक्टर सपाटीवर वॉकर देतात. चालताना आधी दोन्ही कुबड्या पुढे, मग त्यांच्यामध्ये दुखरा पाय टाच आधी टेकवून, मग हातांवर जोर देऊन चांगला पाय.

आता जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कारण सोपं आहे: पायरीवर शरीर वर उचलायचं किंवा सावकाश खाली सोडायचं काम वरच्या पायरीवरचा पाय करतो. तो पाय नेहमी चांगलाच हवा.

आमच्या जिन्यात चढताना कठडा उजव्या हाताला येतो. अक्का उजव्या हाताने कठडा धरत, डाव्या काखेत एक कुबडी, दुसरी कुबडी माझ्याकडे. हातांवर जोर देऊन उजवा पाय वरच्या पायरीवर, मग डावा पाय आणि कुबडी त्याच पायरीवर. दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. उतरताना कठडा डाव्या हाताला. आधी उजव्या हातातली कुबडी खालच्या पायरीच्या मधोमध, मग डावा पाय, मग उजवा. मदतनीस नेहमी खालच्या बाजूला: चढताना मागे, उतरताना पुढे. आधार देताना दंड धरायचा नाही, त्याने कुबडीच हलते. अक्कांच्या कमरेला आम्ही रुंद पट्टा बांधत होतो, मी तो धरून असे. साडी घोट्याच्या वर खोचलेली.

मंदिराला तीन पायऱ्या आहेत, पण कठडा नाही. तिथे दोन्ही कुबड्या, क्रम तोच, आणि माझ्या जोडीला मुलगा. अभिषेकानंतर संगमरवर ओला असतो आणि ओल्या दगडावर रबरी बूच सरकतं. म्हणून फरशी पुसून झाल्यावर जायचो, दारात बुचं कोरड्या फडक्याने पुसायचो. बुचाच्या तळाच्या रेघा झिजल्या की ते बदलायचं. सामायिक अर्थात खुर्चीवर बसून.

दर्शन करून आल्यावर त्या संध्याकाळी सूज बघायची. थोडी वाढून पाय उंच ठेवल्यावर सकाळपर्यंत उतरली तर ठीक. सकाळीही तशीच राहिली, तर त्या दिवशी चालणं कमी करायचं आणि कळवायचं. पोटरी एकाच बाजूला दुखून सुजली, गरम लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना.

पुढे भार टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि पूर्ण भाराची परवानगी मिळाल्यावर काठी आली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. बहुतेक जणी दुखऱ्या बाजूलाच धरतात, मग शरीर त्याच पायावर कलतं. अक्कांचा डावा पाय, म्हणून काठी उजव्या हातात. डावा पाय आणि काठी बरोबर पुढे पडतात आणि भार दोघांत वाटला जातो. जिन्यात मात्र कठडा आधी, काठी उरलेल्या हातात, मग तो कोणताही असो.

हे आकडे आणि आठवडे अक्कांच्या हाडाचे आहेत. तुमच्या घरी कुणाचा पाय मोडला, तर डॉक्टरांना सरळ विचारा: किती किलो, किती आठवडे, आणि जिना कधी? उत्तर लिहून घ्या आणि वजनकाटा बाहेर काढा.

जय जिनेंद्र.