अंगठा म्हणजे होकार नव्हे

गंगाखेडला बहिणीच्या लग्नाआधी केटररचे मेसेज मी तारखेनुसार वाचले. ‘५०० ताटं, ताटाला १८०. कमी जेवले तरी ५००चे पैसे,’ असं त्याने लिहिलं होतं आणि बाबांनी ‘चालेल’ म्हटलं होतं. एवढंच पक्कं.

पुढे बाबांचं ‘६०० धरा’, त्यावर नुसता अंगठा. तो होकार मानला तर न जेवलेल्या शंभर ताटांचेही १८,००० द्यायचे. जिलेबीला ‘होऊन जाईल’, पण दर नाही. वाढप्यांचं ‘नंतर बघू’.

मग एकच मेसेज केला: ‘५०० पक्की. वरची ताटं मोजून, त्याच दराने. जिलेबी, वाढपी धरून का?’

उत्तर आलं: ‘मोजून चालेल. जिलेबी धरून. वाढपी १२, प्रत्येकी ५०० वेगळे.’

सहा हजार वाढले, पण लग्नाआधी कळले.