हिरवा हिरवाच, पण गडद

वनस्पतिपेशीचा तक्ता रंगवायला घेतला की पहिला हात हिरव्याकडे जातो. हरितलवक हिरवंच असतं, तिथे चित्रकाराला फारशी मोकळीक नाही. पेच पडतो तो शेजारच्या तंतुकणिकेचा. तिला स्वतःचा असा ठळक रंग नसतो, पण तक्त्यांत ती बहुतेक वेळा लाल किंवा विटकरी असते. दोन्ही लंबगोल, दोन्ही पेशीद्रवात विखुरलेली. हरितलवकाच्या आत चकत्यांच्या चळती, तंतुकणिकेच्या आत घड्या. पण मागच्या बाकावरून ते बारकावे दिसत नाहीत. ओळखायला उरतो फक्त रंग, आणि तोही नेमका लाल-हिरवा.

लाल-हिरव्या रंगांधतेत डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशींपैकी लाल किंवा हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा एक प्रकार नसतो किंवा वेगळा चालतो. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ही अडचण मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त आढळते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. अशा मुलाला तक्ता काळा-पांढरा दिसत नाही. निळ्या-पिवळ्यातला भेद त्याला नीट कळतो. विटकरी आणि पानाचा हिरवा मात्र त्याच्या लेखी एकाच मातकट रंगाच्या दोन छटा होतात.

या कामात एक रंगसंच फार उपयोगी पडतो. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी तो तयार केला; दोघेही स्वतः रंगांध. आठ रंगांच्या या संचात हिरवा निळसर आहे (#009E73) आणि लाल शेंदरीकडे झुकलेला (#D55E00). हिरव्यात निळा मिसळला, लालात पिवळा, की जो निळा-पिवळा भेद शाबूत असतो त्याच्या आधाराने दोन्ही वेगळे पडतात. शुद्ध लाल काही रंगांध डोळ्यांना जवळजवळ काळा दिसतो. शेंदरीने तेही टळतं.

हेच दोन रंग पेशीत भरले तर पडद्यावर काम झाल्यासारखं वाटतं. पण आपल्याकडे तक्ता तक्ताच राहत नाही. त्याची झेरॉक्स निघते, ती सराव परीक्षेत जाते. चित्र करड्या छटांत बदलून पाहिलं की हा शेंदरी आणि हा हिरवा सारखेच उतरतात. उजळपणाचं गणित मांडलं तर त्यांच्यातला फरक जेमतेम १.१ पट भरतो. जुनाट प्रोजेक्टरवर रंग विटले तरी हीच गत.

म्हणून मी रंगाचं नाव बदलण्याआधी त्याची खोली बदलतो. हरितलवकाचा तोच निळसर हिरवा काळपट केला (#00664B) आणि तंतुकणिकेला त्याच संचातला नारिंगी दिला (#E69F00), की उजळपणातला फरक तिपटीवर जातो. आकृतीतले भाग वेगळे दिसायला ही किमान मर्यादा मानतात. बाई ‘हिरवं हरितलवक’ म्हणाल्या तरी चित्र खोटं पडत नाही. एक तोटा आहे: फिकट पेशीद्रवावर नारिंगी विरतो. त्याला गडद बाह्यरेषा द्यावीच लागते.

केंद्रक आणि रिक्तिका यांचंही असंच. जांभळ्यातला लाल अंश नीट कळला नाही की तो निळाच वाटतो. त्यामुळे जांभळं केंद्रक आणि निळी रिक्तिका एकाच गडदपणाची नकोत. केंद्रक गर्द ठेवावं आणि रिक्तिका आभाळासारखी फिकी.

तपासायला फोटोशॉपमध्ये View > Proof Setup > Color Blindness इथे दोन पर्याय मिळतात, Protanopia-type आणि Deuteranopia-type. दोन्ही लावून बघावेत आणि मग करडी प्रत काढावी. हे पर्याय एका प्रकारच्या शंकुपेशी अजिबात नसल्यावर काय दिसेल ते दाखवतात. पुष्कळ मुलांची अडचण त्याहून सौम्य असते. त्यामुळे इथे टिकलेला रंग वर्गातही सहसा टिकतो. मात्र चित्र लहान केलं की हिशेब बदलतो: ठिपक्याएवढ्या भागाचा किंवा बारीक रेषेचा रंग चांगल्या डोळ्यालाही नीट कळत नाही. तपासणी छापायच्या आकारातच करावी.

एवढं करूनही कोपऱ्यात रंगीत चौकोनांची सूची नको. मुलाला चौकोनातला रंग लक्षात ठेवून आकृतीत शोधावा लागतो, आणि रंगांध मूल तिथेच अडतं. नाव भागाशेजारी लिहावं, रेषेने जोडावं.

उरलेलं काम प्रश्न काढणाऱ्यांच्या हाती आहे. ‘आकृतीतील हिरवा भाग ओळखा’ असं विचारू नका. त्या भागाला ‘अ’ म्हणा आणि ‘अ’चं नाव विचारा.